कायकू? म्हणजे नेमकं काय?

आमच्या नेकनूरकडं लहान लेकराच्या प्रश्नांबद्दल दोन ठरलेली मतं ऐकायला मिळतात. एक म्हणजे, 'लेकरू लई हुशार आहे, नाव काढील.' दुसरं म्हणजे, 'याला काही कळून घ्यायचं नसतं, नुसतं आपल्याला गुंतवून ठेवायचं असतं.' ही दोन्ही मतं एकाच लेकराबद्दल, एकाच दिवशी, एकाच घरात निघतात. सकाळी पाहुण्यांसमोर पहिलं, संध्याकाळी स्वयंपाकाच्या घाईत दुसरं. पहिल्या मताशी मला भांडायचं नाही. दुसरं मात्र मला पटत नाही, आणि ते खरं की खोटं हे कुणालाही घरबसल्या तपासता येतं, म्हणून लिहितोय.

तपासायची रीत साधी आहे. लेकराला फक्त आपलं लक्ष हवं असेल, तर कुठलंही उत्तर त्याला चाललं पाहिजे. 'असंच', 'मला काय माहीत', 'संपलं म्हणून संपलं', काहीही. तुम्ही त्याच्याकडं बघून बोललात, काम झालं. पण त्याला खरोखर कारण हवं असेल, तर कारण मिळाल्यावर ते एक करील आणि न मिळाल्यावर वेगळंच काही करील. म्हणजे प्रश्न ऐकून काही कळणार नाही. उत्तरानंतर लेकरू काय बोलतं, ते ऐकायचं.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. गेल्या उन्हाळ्यातलं आहे. माझी भाची, वय चार वर्षं. घरात आमची बोली दखनी, दारात आणि शेजारी मराठी. नळाला पाणी यायचा दिवस होता आणि पाणी आलं नव्हतं. रिकामी घागर नळाखाली तशीच.

'अम्मी, नल कू पानी कायकू नै आया?'

'खतम हो गया.'

'कायकू खतम हो गया?'

'हो गया बोली ना.'

'पन कायकू?'

बहिणीनं तिला गप्प बसायला सांगितलं. पोरगी दोन मिनिटं गप्प बसली आणि मग स्वतःशीच म्हणाली, 'कल भैंस लोगां पी लिए होंगे.' म्हशींनी पिऊन टाकलं असेल! घरातले सगळे हसले. हसण्यासारखंच होतं, पण जरा थांबून पाहा. तिनं विचारलं होतं 'का', आणि तिला मिळालं होतं 'नाही आलं कारण नाही'. त्यात कारण नव्हतंच. म्हणून तिनं तोच प्रश्न पुन्हा टाकला, पुन्हा टाकला, आणि दार बंद झाल्यावर एक कारण स्वतःच तयार करून त्या रिकाम्या जागेत बसवलं. ते कारण वेडगळही नव्हतं. पाणी कुणीतरी वापरलं तर कमी होतं, म्हशी खूप पाणी पितात, हे तिनं रोज पाहिलेलं होतं.

मग मी तिला सांगितलं. आपलं पाणी लांबच्या तळ्यातून येतं. तळ्यात आता थोडंच उरलंय. सगळ्या गल्ल्यांना पुरलं पाहिजे, म्हणून एक दिवस या गल्लीला सोडतात, एक दिवस त्या गल्लीला. आज आपली पाळी चुकली. यावर तिनं पहिला प्रश्न परत विचारला नाही. विचारलं ते हे: 'तालाब में कमती कायकू है?' म्हणजे ती एक पायरी उतरली. मी म्हणालो, पाऊस कमी पडला. 'बारिश कमती कायकू?' आता मला जरा विचार करावा लागला. मी सांगितलं, ढग समुद्राकडून पाणी घेऊन निघतात. वाटेत मोठे मोठे डोंगर लागतात. ते चढून जाताना ढग बरंचसं पाणी तिकडंच सांडतात. आपल्याकडं येईपर्यंत त्यांच्याजवळ थोडंच राहतं. हे चार वर्षांच्या पोरीसाठी सोपं केलेलं असलं तरी खोटं नाही. सह्याद्रीच्या पलीकडं, पर्जन्यछायेत आपला बीड जिल्हा येतो, ते हेच.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'हां, पहाड कू टकराए तो सांडताच ना.' आणि खेळायला गेली.

पूर्ण संभाषणाला चार-पाच मिनिटं लागली असतील. त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते तिचं 'हां'. तिला लक्ष हवं असतं तर ती उठून गेली नसती. त्या वेळी तर तिला माझं पूर्ण लक्ष मिळत होतं, घरातली बाकीची माणसंही ऐकत होती. कारण हातात पडलं, स्वतःच्या शब्दांत एकदा म्हणून पाहिलं, आणि ती गेली.

एका भाचीवरून नियम काढू नये हे खरं. पण हीच तपासणी अभ्यासकांनीही केलेली आहे. ब्रँडी फ्रेझियर, सुसान गेल्मन आणि हेन्री वेल्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली ती प्रसिद्ध केली. आधी त्यांनी सहा लहान मुलांच्या घरातल्या बोलण्याच्या जुन्या नोंदी घेतल्या आणि 'का' व 'कसं' विचारल्यावर मोठ्यांनी काय म्हटलं आणि त्यावर मूल काय बोललं, हे तपासलं. मग ३ ते ५ वर्षांच्या ४२ मुलांना चक्रावून टाकतील अशी खेळणी, गोष्टी आणि चित्रफिती दाखवल्या. मुलांनी विचारलं की काहींना खरं कारण द्यायचं आणि काहींना नुसतं काहीतरी बोलायचं, असं आधीच ठरवलेलं होतं. दोन्ही ठिकाणी तेच दिसलं. कारण मिळालं की मुलं मान डोलवायची किंवा पुढचा प्रश्न विचारायची. कारण न मिळाल्यास तोच प्रश्न परत यायचा, किंवा मूल स्वतःच एखादं कारण सुचवायचं. आमच्या घरच्या म्हशी याच दुसऱ्या गटातल्या.

याच्या पुढची गोष्ट मला जास्त धक्कादायक वाटली. मुलांना उत्तर मिळालं एवढंच कळत नाही, ते पोकळ आहे की भरीव आहे हेही कळतं. कॅथलीन कॉरिव्हो आणि कॅटलिन कर्कुल यांनी २०१४ साली पावसाबद्दलच्या प्रश्नाचं नाव दिलेला एक अभ्यास छापला. त्यात मुलांना दोन माणसं ऐकवली होती. एक जण गोल फिरून तिथंच येणारं उत्तर द्यायचा, म्हणजे 'पाऊस पडतो कारण आभाळातून पाणी खाली येतं' या जातीचं. दुसरा खरोखर कारण सांगायचा. पाच वर्षांच्या मुलांनी दुसऱ्याला निवडलं. तीन वर्षांच्या मुलांनीही निवडलं, पण एका अटीवर: उत्तरं आखूड केली तेव्हाच. लांब उत्तरांत त्यांना फरक सापडत नव्हता. आपण मोठी माणसं इथं दोन्हीकडून घसरतो. आई स्वयंपाक करताना 'संपलं म्हणून संपलं' म्हणते आणि माझ्यासारखा मामा हौसेनं पंधरा मिनिटांचं व्याख्यान देतो. तीन वर्षांच्या पोराला दोन्हीतून सारखंच काही मिळत नाही. त्याला एक पायरी हवी असते. दुसरी तो स्वतः मागतो.

आता 'का' या शब्दाकडं येऊ, कारण तिथं एक गोम आहे आणि ती आपल्या दोन भाषांमुळं आपल्याला छान दिसते. मराठीत 'का' आहे, 'कशाला' आहे, 'कशामुळं' आहे. 'पाऊस कशामुळं पडतो' आणि 'पाऊस कशाला पडतो' हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्यात मागचं कारण विचारलंय, दुसऱ्यात पुढचा हेतू. आमच्या दखनीतला 'कायकू' मात्र दोन्ही ओझी एकट्यानं उचलतो. शब्दाची फोड करा, काय आणि कू, म्हणजे सरळ 'कशाला'. पण 'पेट कायकू दुख रा' म्हणताना त्याचा अर्थ 'कशामुळं' होतो. लहान लेकराच्या डोक्यातही हे दोन अर्थ असेच एकमेकांत मिसळलेले असतात, मग ते कोणतीही भाषा बोलत असो.

ज्यां पियाजे यांनी शंभर वर्षांपूर्वी हे टिपलं होतं. सहा वर्षांच्या एका मुलानं काही महिन्यांत विचारलेले १,१२५ प्रश्न त्यांच्यासमोर होते, आणि १९२३ सालच्या त्यांच्या पुस्तकात त्यांचा मोठा ऊहापोह आहे. त्यांचं म्हणणं असं होतं की मुलाचं 'का' हे धड कारणही नसतं आणि धड हेतूही नसतो, त्याला दोन्ही एकच वाटतात. पुढं १९९९ साली डेबोरा केलेमन यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना विचारलं की टोकदार खडक टोकदार का असतात. माती-दगडाचे थर साचत गेले म्हणून, हे उत्तर समोर असूनही मुलांचा कल 'प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून' अशा उत्तरांकडं होता. आमच्या भागातल्या पोराला बालाघाटच्या डोंगराबद्दल विचारा. 'शेळ्यांना चरायला' असं उत्तर आलं तर नवल वाटू देऊ नका.

याचा उत्तर देण्याशी काय संबंध? संबंध असा, की बरेचदा आपण एका प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर देतो आणि लेकरू तोच प्रश्न पुन्हा विचारतं. 'मुंगी रांगेत का चालते?' यावर 'अन्न आणायला' म्हटलं तर ते कशालाचं उत्तर झालं. त्याला कदाचित विचारायचंय की रांग मोडत कशी नाही. तेव्हा सांगायचं, पुढची मुंगी वाटेवर वास सोडत जाते आणि मागची तो हुंगत येते. मग ते लगेच बोटानं वाट पुसून बघतं. बघू द्यावं. मुंग्या तिथं थबकतात, इकडंतिकडं फिरतात, आणि त्याच्या प्रश्नाला तुमच्यापेक्षा चांगलं उत्तर मुंग्याच देतात. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला, तर लेकरू हट्टी आहे असं समजण्याआधी मी एकदा विचारून बघतो: 'तुला हे कसं होतं ते पाहिजे, का कशाला होतं ते?' चार वर्षांच्या लेकराला हा फरक शब्दांत सांगता येत नाही, पण दोन्ही उत्तरं पुढं ठेवली की त्यातलं एक ते पटकन उचलतं.

इथंच आमच्या घराघरांतल्या एका उत्तराबद्दल बोललं पाहिजे. पाऊस कायकू नै? 'अल्लाह की मर्जी.' शेजारच्या घरात तेच 'देवाची इच्छा' होतं. श्रद्धा ठेवणाऱ्याच्या लेखी हे उत्तर खोटं नाही, मीही ते खोटं म्हणत नाही. पण लेकरानं ते विचारलेलं नसतं. ढग कुठं अडले, हे त्याला हवं असतं. आपण 'मर्जी' हा शब्द संभाषण थांबवायला वापरतो आणि मग लेकराच्या मनात तो शब्द आणि 'गप बैस' हे दोन्ही एकाच खुंटीला टांगले जातात. हे श्रद्धेच्याही भल्याचं नाही. इब्राहीम अलैहिस्सलाम यांनी मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते दाखव, अशी विनंती केल्याचा प्रसंग कुरआनात आहे. विश्वास नाही का, असं त्यांना विचारलं गेलं, आणि विश्वास आहे पण मनाचं समाधान व्हावं म्हणून विचारतो, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. त्यांना कुणी गप्प केलं नाही. चार पक्षी घेऊन काय करायचं, ते सांगितलं गेलं. 'कसं' विचारणाऱ्याला 'कसं'चंच उत्तर मिळालं.

आता दुसरी बाजू. प्रत्येक 'का' कारण मागणारा नसतो, हेही मान्य केलं पाहिजे, नाहीतर आपण झोपायच्या वेळी रात्री अकरापर्यंत ढग समजावत बसू. 'मी का झोपू?' हा प्रश्न नाही, ती तक्रार आहे. तिला कितीही चांगलं कारण द्या, पुढं तेच येतं. ओळखायची खूण तीच, उत्तरानंतरचं वाक्य. कारण बदललं तरी प्रश्न बदलत नसेल, तर तिथं कारण हवं नाही. तिथं फक्त 'तुला झोपायचं नाही हे मला कळतंय' एवढंच म्हणावं आणि दिवा मालवावा.

अजून एक प्रकार आहे, आणि तो ओळखायला चुकलो तर लेकराला महागात पडतं. घरात कुणी वारलं की प्रश्न सुरू होतात. दादी कुठं गेली, का गेली, कधी येणार. इथं मूल तोच प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारतं, आणि याला हट्ट म्हणता येत नाही. पहिलं म्हणजे, मेलेलं माणूस परत येत नाही ही गोष्ट तीन-चार वर्षांच्या लेकराला एका सांगण्यात उमजत नाही. दुसरं म्हणजे, 'दादी झोपली' असं आपण सांगितलेलं असतं. मग ते झोपायलाच घाबरतं, आणि त्याच्या 'दादी का झोपली?'मागं खरा प्रश्न 'मी झोपलो तर?' हा असतो. अशा वेळी गोड शब्दांपेक्षा साधे शब्द बरे: दादीचं शरीर खूप म्हातारं झालं होतं, ते काम करायचं थांबलं, आता तिला दुखत नाही, ती परत येणार नाही. जन्नतबद्दल जे सांगायचं ते जरूर सांगा, पण झोप आणि मरण एकत्र करू नका.

एवढं सगळं अमेरिका-युरोपच्या मुलांवरून सांगितलं, आपली लेकरं तशीच असतात कशावरून, असं कुणी विचारील. विचारलंच पाहिजे. मेरी गॉव्हेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली बेलीझ, केनिया, नेपाळ आणि अमेरिकन सामोआ इथल्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांच्या बोलण्याच्या जुन्या नोंदी तपासल्या. या मुलांच्या बोलण्यात माहिती मागणारे प्रश्न होते, पण 'का' विचारून कारण मागणारे प्रश्न पाश्चात्त्य मुलांच्या मानानं फारच थोडे निघाले. त्यातले नेपाळचे नेवार तर आपल्यापासून फार लांब नाहीत. यावरून तिथल्या मुलांना कारणांची भूक नव्हती असं मी म्हणणार नाही. मोठ्यांना 'का' विचारायचं नसतं, हे मूल किती लवकर शिकतं, तेवढं मात्र त्यातून दिसतं. 'बडों कू उलटा नै पूछते' हे वाक्य आपल्याकडं कुठल्या वयात कानावर पडतं, ते आपण जाणतोच.

आणि मूल हे माणूस बघून शिकतं. इंग्लंडात बार्बरा टिझर्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी चार वर्षांच्या ३० मुलींचं बोलणं घरी आणि बालवाडीत, दोन्ही ठिकाणी ध्वनिमुद्रित केलं. त्याचं पुस्तक १९८४ साली आलं. घरी त्या मुली तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या. त्याच मुली बालवाडीत तासाला विचारत होत्या २. मुली त्याच, वय तेच. बालवाडीतल्या बाई वाईट होत्या असंही नाही. पण घरच्या माणसाला तळं माहीत असतं, म्हशी माहीत असतात, काल काय झालं ते माहीत असतं. प्रश्न अर्धाच विचारला तरी तो पुरा करून घेणारं माणूस समोर असतं. बालवाडीत तसं कुणी नव्हतं, आणि वर बाईच सारखे प्रश्न विचारत होत्या.

आता या दोन आकड्यांच्या मधे आपल्या लेकरांची भाषा ठेवून पाहा. घरी 'कायकू' म्हणणारं पोर अंगणवाडीत जातं, तिथं 'का' म्हणायचं असतं. त्याला मराठी समजते, गल्लीत तो ती बोलतोही, पण कारण विचारायला जी हिंमत लागते ती परक्या शब्दांत येत नाही. मग तो गप्प बसतो. मग त्याच्याबद्दल निरोप येतो की पोरगं बोलत नाही, मागं आहे. हा निरोप मी अनेक घरांतून ऐकलाय, आणि निरोप ऐकणारी आई घरी दिवसभर त्याच पोराच्या प्रश्नांनी वैतागलेली असते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या लेकरांचं तर याहून कठीण. दिवाळीच्या सुमारास गाव सुटतं, अंगणवाडी सुटते, आणि फडावर आई-बाप अंधारात उठून कामाला लागतात. तिथं विचारायचं कुणाला, हाच पहिला प्रश्न आहे.

आमच्या भागातल्या एका अंगणवाडीत मी एकदा दुपारी थांबलो होतो. खिचडी वाटायची वेळ होती. तिथं असंच एक गप्प राहणारं पोर ताटाकडं बघत हळूच म्हणालं, 'पिली कायकू है?' ताईंना दखनी येत नव्हती, पण नेकनूरच्या बाजारात सगळं आयुष्य गेलेलं, तेव्हा समजत होती. 'मराठीत बोल' असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, 'हळद टाकली म्हणून.' पोरानं लगेच विचारलं, 'हल्दी पिली कायकू?' ताई हसल्या, आत गेल्या आणि डब्यातून एक हळकुंड घेऊन आल्या. वरून ते मळकट दिसत होतं. त्यांनी ते बत्त्यानं फोडलं, आतला रंग दाखवला आणि तुकडा त्याच्या हातावर ठेवला. तोवर आणखी चार पोरं ताटं सोडून तिथं जमली होती, आणि त्यातल्या एकीला मराठीत हवं होतं की मग हळकुंड बाहेरून पिवळं का नाही.